आत्याचा कागद: मागचा कॅमेरा लावून व्हिडिओ कॉल, प्रकल्प नोंदी

८ जून २०२५, रविवार, ऐरोली

आजपासून हे लिहून ठेवते, नाहीतर काय बदललं आणि का बदललं ते पुढच्या आठवड्यात आठवणार नाही.

आत्या ७६ वर्षांची, ठाण्याला चरईत एकटी राहते. मे अखेरीला उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. घरात डोळ्यात घालायच्या औषधाच्या दोन बाटल्या आहेत, एकाच उंचीच्या, आणि लेबलवरची अक्षरं तिला अजून नीट लागत नाहीत. परवा संध्याकाळी तिने व्हिडिओ कॉल केला की ही कुठली बाटली ते सांग. बाटली फोनसमोर धरली तर मला नुसता पांढरा डाग दिसत होता. मी म्हटलं "आत्या, कॅमेरा फिरव", तर तिने अख्खा फोनच फिरवला. मग मला तिचा पंखा दिसायला लागला आणि तिला मी दिसेनाशी झाले, तिला वाटलं फोन बंद पडला, तिने ठेवून दिला. शेवटी शेजारच्या काकूंचा मुलगा येऊन लेबल वाचून गेला. वीस मिनिटं गेली यात, आणि तो मुलगा घरी नसता तर काय हा प्रश्न राहतोच.

फोनवरून तोंडी सांगून हे होत नाही हे आता पक्कं आहे. लिहिलेला कागद पाहिजे, कपाटाच्या दाराला लावलेला. व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ उपयोगाची नाही, कारण ज्या फोनवर कॉल करायचाय त्याच फोनवर सूचना वाचायच्या म्हणजे दोन्ही होत नाही.

काम झालं असं कधी म्हणायचं तेही आत्ताच ठरवते. आत्याने कोणाच्याही मदतीशिवाय मला किंवा पुण्याच्या ताईला व्हिडिओ कॉल लावायचा, मागचा कॅमेरा सुरू करायचा, बाटली किंवा गोळ्यांची स्ट्रिप अशी दाखवायची की समोरच्याला नाव वाचता येईल. हे लागोपाठ तीन दिवस जमलं की झालं.

मागचाच कॅमेरा कशाला, तर आज माझ्या फोनवर करून बघितलं. साध्या फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याचा फोकस ठरलेला असतो, हातभर लांब असलेला चेहरा स्पष्ट यावा असा. बाटली त्याच्या जवळ नेली की फोकस सरकतच नाही, अक्षरं विरघळतात, लांब नेली तर अक्षरं इतकी बारीक होतात की वाचता येत नाहीत. मागच्या कॅमेऱ्याला ऑटोफोकस असतो, तो जवळची वस्तू धरून घेतो. म्हणजे आत्या चुकीचं धरत नव्हती, त्या कॅमेऱ्याने ते कधीच दिसलं नसतं.

१० जून, मंगळवार

पहिला मसुदा लिहिला, ऑफिसमधून येताना स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढली. जसा लिहिला तसाच इथे उतरवते:

"१. व्हॉट्सॲप उघडा. २. माझं नाव दाबा. ३. वरचं व्हिडिओचं बटण दाबा. ४. मी फोन उचलला की कॅमेरा फिरवण्याचं बटण दाबा. ५. बाटली दाखवा. ६. झालं की लाल बटण दाबा."

सोबत माझ्या फोनवरचे चार स्क्रीनशॉट. वाचायला सोपं वाटतंय. शनिवारी घेऊन जाते.

१४ जून, शनिवार, ठाणे

ऐरोलीहून सकाळची ट्रान्स-हार्बर पकडली, जांभळी नाक्यावरून आंबे घेतले, दहाला आत्याकडे. चहा झाल्यावर कागद हातात दिला आणि सांगितलं की मी आत बेडरूममध्ये बसते, तू कागद बघून मला कॉल कर, मी काही बोलणार नाही. दार उघडंच ठेवलं होतं, मला तिचे हात दिसत होते. गप्प बसणं फार जड गेलं पण त्यामुळेच सगळं कळलं.

पहिली गोष्ट, "दाबा". मी दाबा लिहिलं म्हणून तिने दाबलं, म्हणजे खरंच दाबलं, मिक्सरचं बटण दाबतो तसं बोट रोवून. फोनला ते वेगळंच कळतं. थोडा वेळ बोट टेकून राहिलं की तो त्याला लाँग प्रेस समजतो, त्यामुळे व्हॉट्सॲप उघडायच्या ऐवजी आयकॉनवर छोटी यादी आली, आणि पुढे चॅटच्या यादीत माझ्या नावावर हिरवी खूण येऊन ते नुसतं सिलेक्ट झालं. तिला वाटलं आपण कमी दाबलं, म्हणून पुढच्या वेळी अजून जोर.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. कॉल लागला, मी उचलला, आणि तिने कागदाकडे बघितलं की आता काय. चष्मा सारखा केला, चौथी ओळ शोधली, वाचली, परत फोनकडे बघितलं तर पडद्यावर बटणंच नाहीत. व्हिडिओ कॉलमध्ये काही सेकंदांनी सगळी बटणं आपोआप लपतात, पडद्यावर हात लावला की परत येतात. आपल्याला हे इतकं सवयीचं झालंय की मी ते लिहिलंच नव्हतं. ती म्हणाली "अगं, इथे तर तुझ्याशिवाय काहीच नाही." बरोबरच होतं तिचं. मग मी आतून एवढंच म्हटलं की पडद्याला हात लाव. तिने लावला, बटणं आली, पण तिचा हात थोडा कापतो, बोट दोनदा टेकलं आणि दुसऱ्या स्पर्शाने बटणं परत लपली. असं चार वेळा झालं. लांबून बघणाऱ्याला वाटेल फोन बिघडलाय.

तिसरी गोष्ट चित्रांची. बटणं दिसल्यावर तिने कॅमेऱ्याचं चित्र शोधलं, कारण कागदावर "कॅमेरा फिरवण्याचं बटण" असं होतं. कॅमेऱ्याचं म्हणून जे चित्र ठळक दिसतं ते व्हिडिओ बंद करायचं. ते दाबलं, माझ्याकडचा पडदा काळा झाला. तिला तिच्या बाजूने मी दिसतच होते त्यामुळे काही चुकलंय हे तिला कळायला मार्गच नव्हता. ती बाटली धरून उभी होती आणि मला काळोख.

चौथी गोष्ट मला स्वप्नातही सुचली नसती. शेवटी मीच बाहेर जाऊन कॅमेरा बदलून दिला, तरीही चित्र काळं. दोघी बघत बसलो. मग लक्षात आलं, तिच्या फोनला डायरीसारखं उघडणारं कव्हर आहे. ती बोलताना त्याचं झाकण मागे दुमडून धरते, आणि दुमडलेलं झाकण बरोबर मागच्या कॅमेऱ्यावर येतं. पुढच्या कॅमेऱ्याला त्याने काही होत नाही, म्हणून आजपर्यंत कधी अडलं नाही.

आणि स्क्रीनशॉट, ते काळ्यापांढऱ्या प्रिंटमध्ये लाल बटणच करडं झालं होतं. कागदावर "लाल बटण" लिहिलंय आणि चित्रात लाल काहीच नाही.

जेवताना आत्या म्हणाली "मला जमायचं नाही गं हे, मी आपली काकूंच्या मुलाला हाक मारेन." मी तिला सांगितलं की आज जे जे अडलं ते सगळं कागदात नव्हतं, तुझं काहीही चुकलेलं नाही. तिला ते पटलं की नाही माहीत नाही, पण पुढच्या शनिवारी परत बस म्हटल्यावर हो म्हणाली.

१५ जून, रविवार, ठाणे

रात्री तिथेच राहिले. सकाळी आधी फोन हातात घेतला. कागदावर लिहून समजवायच्या गोष्टी जितक्या फोनमध्येच मिटवता येतील तितक्या मिटवायच्या.

लाँग प्रेससाठी: सेटिंग्जमध्ये Accessibility च्या आत `Touch & hold delay` असतं, ते लाँगवर केलं. आता बोट जरा जास्त वेळ टेकलं तरी फोन त्याला साधा स्पर्शच समजतो. एवढ्याने अर्धा त्रास गेला, तिने लगेच तीनदा व्हॉट्सॲप उघडून दाखवलं.

व्हॉट्सॲप उघडून नाव शोधायची पायरीच काढून टाकली. माझ्या आणि ताईच्या चॅटमध्ये जाऊन वरच्या तीन टिंबांमधून More, मग `Add shortcut`, की होम स्क्रीनवर आमच्या दोघींचे फोटो आले. फोटोला हात लावला की सरळ ती चॅट उघडते. इथे एक लक्षात ठेवायचं, याने कॉल आपोआप लागत नाही, फक्त चॅट उघडते, कॉलच्या चित्राला हात लावायचा राहतोच. पहिल्या पानावर आमचे दोन फोटो, साधा फोन आणि टॉर्च एवढंच ठेवलं, बाकी सगळं दुसऱ्या पानावर सरकवलं.

व्हॉट्सॲपच्या सेटिंग्जमध्ये Storage and data मध्ये `Use less data for calls` सुरू होतं, कोणी कधी केलं देव जाणे. त्याने डेटा वाचतो पण चित्र पुसट होतं, आणि आपल्याला तर बारीक अक्षरं वाचायचीयत. बंद केलं. घरी वायफाय आहे त्यामुळे डेटाची काळजी नाही.

कव्हर बदललं. राममारुती रोडवरून साधं मागून लावायचं रबरी कव्हर आणलं, झाकणाशिवायचं. तिला जुनं आवडत होतं कारण त्यात ती रेशनकार्डाची झेरॉक्स ठेवायची. ती आता पर्समध्ये.

ॲप अपडेट बंद करून टाकावं का असाही विचार आला, म्हणजे बटणं जागची हलणार नाहीत. पण सुरक्षेच्या दुरुस्त्याही त्याच अपडेटमधून येतात, म्हणून तसंच ठेवलं. चित्र हललं तर कागद बदलायचा.

१७ जून, मंगळवार

दुसरा मसुदा. आज फक्त शब्दांवर बसले.

"दाबा" काढलं. त्याच्या जागी काय लिहायचं यावर बराच वेळ गेला. टॅप करा म्हटलं तर तिला नळ आठवतो. क्लिक करा हे कॉम्प्युटरचं झालं. आईला विचारलं की हलकं बोट लावून लगेच उचलायचं याला तू काय म्हणशील, तर ती म्हणाली "कुंकवाचं बोट टेकवतो तसं." हेच पाहिजे होतं. कुंकू लावताना कोणी बोट रोवत नाही आणि दोनदाही लावत नाही. कागदावर सगळीकडे "बोट टेकव" आणि अगदी वर एकदाच, कुंकवाचं बोट टेकवतो तसं, एकदाच, आणि हात मागे घे.

"कॅमेरा फिरव" काढलं, कारण फिरव म्हटलं की माणूस फोन फिरवणारच. "कॅमेरा बदल" लिहिलं.

चित्रांची नावं आत्यालाच फोनवर विचारून घेतली. चॅटमध्ये वर व्हिडिओ कॉलचं जे चित्र आहे, एक चौकोन आणि त्याला तिरका कोपरा, त्याला ती म्हणाली डबीला भोंगा लावलाय. कॅमेरा बदलायचं चित्र म्हणजे कॅमेऱ्यात गोल फिरणारे दोन बाण, ती म्हणाली "ही फिरकी." व्हिडिओ बंद करायचं ते "काट मारलेला भोंगा". आता आमच्या घरात ही नावं पक्की. मी व्हिडिओ आयकॉन म्हणत बसले असते तर तिला दर वेळी मनात भाषांतर करावं लागलं असतं.

स्क्रीनशॉट टाकून दिले, चित्रं स्केचपेनने काढली, पाच रुपयाच्या नाण्याएवढी. फिरकी हिरवी, फोन ठेवायचं चित्र लाल, काट मारलेल्या भोंग्याच्या बाजूला "याला नको". फिरकी पडद्यावर हिरवी नसते, पांढरीच असते, म्हणून हिरवा रंग नुसता गोलाला दिला आणि आतलं चित्र काळं ठेवलं, म्हणजे रंग शोधत बसणार नाही. झेरॉक्स काढायची नाही, मूळ कागदच लावायचा.

आणि प्रत्येक पायरीनंतर "आता हे दिसेल" अशी ओळ घातली. पहिल्या मसुद्यात मी फक्त काय करायचं ते लिहिलं होतं, झालं की नाही हे कसं कळणार ते नव्हतं, त्यामुळे पायरी चुकली तरी ती पुढे जात होती.

अक्षर २६ पॉइंट ठेवलं, ओळींमध्ये भरपूर जागा. एका ए-फोर कागदावर मावत नाही. दोन कागद केले, एक कॉल लावायचा, एक दाखवायचा. हे बरंच झालं, नुसत्या गप्पा मारायच्या असतील तेव्हा दुसरा कागद बघायलाच नको.

२१ जून, शनिवार, ठाणे

आज पाऊस धो धो, गाड्या लेट, पोचायला साडेअकरा. परत तसंच, मी आत, ती बाहेर.

पहिला कागद एकदम सुरळीत. फोटोला बोट, भोंग्याला बोट, मधे छोटी चौकट येऊन कॉल करू का विचारते तिथे बोट, माझा फोन वाजला. दोन मिनिटंही लागली नाहीत.

दुसऱ्या कागदावर बटणं लपण्याचं काम झालं. "पडद्याच्या मधोमध एकदाच बोट टेकव, हात मागे घे, चित्रं दिसतील. दिसली नाहीत तर पाचपर्यंत मोज आणि परत एकदा टेकव." पाचपर्यंत मोजायचं यामुळे घाईत दोनदा टेकवणं थांबलं. फिरकी सापडली, बोट टेकवलं, मला तिचा टीव्ही दिसला. तिच्या तोंडून "अय्या" निघालं ते मला खोलीत ऐकू आलं.

पण इथून पुढे नवीन अडचण. कॅमेरा बदलला की तिला पडद्यावर मोठी मी दिसते आणि ती दाखवतेय ती बाटली कोपऱ्यातल्या छोट्या चौकटीत. ती चौकट काडेपेटीएवढी, तिला त्यात काही दिसत नाही, मग नेम कसा धरणार. बाटली अर्धी चित्राबाहेर. मागच्या शनिवारी चुकून त्या छोट्या चौकटीवर बोट पडून तिचा चेहरा मोठा आणि मी छोटी झाले होते आणि ती घाबरली होती. आज तेच मुद्दाम केलं. छोट्या चौकटीला बोट टेकव, मग बाटली मोठी दिसते आणि मी कोपऱ्यात जाते. मी बोलत असतेच त्यामुळे माझा चेहरा मोठा असायची गरज नाही. ही पायरी वाढवली.

तिने अजून एक विचारलं जे मला फार बरोबर वाटलं. पुढच्या कॅमेऱ्याने बाटली धरली तेव्हा तिला अक्षरं उलटी दिसली, आरशात दिसतात तशी, म्हणून तुलाही उलटीच दिसत असतील ना. तर नाही. पुढचा कॅमेरा आपल्याला आपलं चित्र आरशासारखं दाखवतो, समोरच्याला सुलटच जातं. मागच्या कॅमेऱ्यात आपल्यालाही सुलट दिसतं. याचा तिला एक उपयोग झाला, कॅमेरा बदलला की नाही ते ओळखायला: छोट्या चौकटीत स्वतःचा चेहरा दिसतोय म्हणजे अजून पुढचाच आहे.

मग अंतर आणि उजेड, यावर तासभर गेला पण मजा आली. बाटली फोनपासून एक वीत लांब धरली की अक्षरं नीट येतात. त्याहून जवळ आणली की मागच्या कॅमेऱ्यालाही फोकस धरता येत नाही. सेंटिमीटर लिहिण्याऐवजी वीतच लिहिली, ती तिच्या हाताला माहितीय. धरल्यावर तीनपर्यंत मोजायचं, हलवायचं नाही, कारण व्हिडिओ कॉलमध्ये हलतं चित्र जास्त पुसट होतं आणि स्थिर धरलं की दोनतीन सेकंदांत साफ होतं. हात कापतो म्हणून बाटली हातात न धरता टेबलावर ठेवायची आणि फोन दोन्ही हातांनी धरून कोपरं टेबलाला टेकवायची. हे तिनेच शोधलं, सुईत दोरा ओवताना ती असंच करते.

गोळ्यांच्या स्ट्रिपचं वेगळं. मागची चंदेरी बाजू ट्यूबलाइटखाली चमकते आणि नावावरच उजेडाचा पट्टा पडतो. स्ट्रिप थोडी तिरकी केली की पट्टा सरकतो. सगळ्यात चांगलं म्हणजे खिडकीपाशी, उजेड बाजूने येईल असं. संध्याकाळी अंधारात करायचं तर फोनचा टॉर्च लावता येत नाही, व्हिडिओ कॉल चालू असताना कॅमेरा अडकलेला असतो त्यामुळे टॉर्चचं बटण चालतच नाही. म्हणून खोलीतला दिवा आधी लावायचा हे दुसऱ्या कागदाच्या पहिल्याच ओळीत घेतलं. पावसाळी दिवसात दुपारी चारलाच तिच्या स्वयंपाकघरात अंधारतं.

आणि स्ट्रिपची गोळी काढताना नाव आणि एक्सपायरी छापलेली बाजू शेवटपर्यंत राहील अशी, दुसऱ्या टोकापासून काढायची. ती कात्रीने एकेक गोळी कापून डबीत टाकायची, मग डबीतल्या सुट्या तुकड्यावर काहीच वाचता येत नाही, कितीही चांगला कॅमेरा असला तरी.

२४ जून, मंगळवार

आत्याने ताईला पुण्याला कॉल लावला, फिरकी सापडेना. ताई तिला सांगत होती की "तुझ्या छोट्या चौकटीवरच बघ ना, तिथेच आहे". ताईच्या फोनवर ते चित्र छोट्या चौकटीवर येतं, आत्याच्या फोनवर वर उजव्या कोपऱ्यात. फोन आणि ॲपचं व्हर्जन वेगळं असेल तर जागा बदलते. ताईला सांगितलं की तुझ्या फोनवर बघून सांगू नकोस, तिला "कागदावरची चौथी ओळ वाच" एवढंच म्हण. ताईला दोन्ही कागदांचे फोटो पाठवले, म्हणजे तिच्याही समोर तेच राहील.

२६ जून, गुरुवार

रात्री फोनवर आत्याने सांगितलं की बटणांमध्ये एक अजून चित्र दिसतं, फोनमधून बाण बाहेर निघालाय असं, ते कशाचं. ते स्क्रीन शेअरचं. व्हॉट्सॲपने २०२३ मध्ये आणलंय, त्याने आपल्या फोनवर जे जे दिसतं ते सगळं समोरच्याला दिसतं, आलेला ओटीपीसुद्धा. फसवणारे लोक बँकेतून बोलतोय सांगून नेमकं हेच सुरू करायला लावतात. तिने विचारलं हे बरं झालं. पहिल्या कागदावर खाली लाल चौकटीत दोन ओळी वाढवल्या.

२९ जून, रविवार, ठाणे

शेवटचा कागद नेऊन लावला. आधी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये घातला होता, तर दिव्याखाली तोच चमकायला लागला आणि तिला वाचता येईना. काढून टाकला, नुसता जाड कागद चिकटवला, मळला तर परत काढीन. जागा तिच्या डोळ्याच्या उंचीला, टेबलाच्या बाजूच्या कपाटावर, म्हणजे खुर्चीवर बसून दिसतो.

मजकूर असा, चित्रं इथे काढता येत नाहीत म्हणून नुसते शब्द:

पहिला कागद, कॉल लावायचा

बोट कसं: कुंकवाचं बोट टेकवतो तसं. एकदाच. हात मागे.

१. फोनवर माझ्या फोटोला बोट टेकव. आता दिसेल: वर माझं नाव.
२. वर भोंग्याच्या चित्राला बोट टेकव. छोटी चौकट आली तर त्यात कॉल करायच्या शब्दाला बोट टेकव. आता दिसेल: तुझा स्वतःचा चेहरा, आणि रिंग ऐकू येईल.
३. मी दिसले की बोलायला लाग.
४. बोलून झालं की पडद्याला एकदा बोट, मग लाल गोलाला बोट.

लाल चौकटीत: अनोळखी माणसाचा व्हिडिओ कॉल उचलायचा नाही. बाण बाहेर निघालेल्या फोनच्या चित्राला बोट लाव असं कोणीही सांगितलं की फोन ठेव आणि मला साधा फोन कर.

दुसरा कागद, वस्तू दाखवायची

१. खोलीतला दिवा लाव. बाटली टेबलावर ठेव, नाव वर.
२. पहिल्या कागदाने कॉल लाव.
३. पडद्याच्या मधोमध एकदा बोट. आता दिसेल: चित्रांची रांग. नाही दिसली तर पाच मोज, परत एकदा बोट.
४. वर उजव्या कोपऱ्यात फिरकी. तिला बोट. आता दिसेल: छोट्या चौकटीत तुझा चेहरा जाऊन समोरचं टेबल. अजून चेहराच दिसतोय? तिसऱ्या ओळीपासून परत.
५. छोट्या चौकटीला बोट. आता दिसेल: टेबल मोठं, मी कोपऱ्यात लहान. मी कुठे गेले नाही, ऐकतेय.
६. फोन दोन्ही हातांनी, कोपरं टेबलावर, बाटलीपासून एक वीत. मागे कॅमेऱ्यावर बोट नाही ना बघ. तीन मोजेपर्यंत हलायचं नाही.
७. मी "वाचलं" म्हणेन तोवर तसंच धर.
८. परत चेहरा दाखवायचा असेल तर पडद्याला एकदा बोट, मग फिरकीला बोट.

पडदा काळा झालाय किंवा तू दिसत नाहीस असं मी म्हटलं तर: काट मारलेल्या भोंग्याला चुकून हात लागलाय. त्यालाच परत एकदा बोट टेकव.

सहावी ओळ "मागे कॅमेऱ्यावर बोट नाही ना" ही आजच घातली. पेनने. रबरी कव्हरमुळे फोन जाड झालाय, ती आता वरून पकडते आणि तर्जनी बरोबर काचेवर येते. काचेवर तेलकट बोटाचा डाग पडला तरी अक्षरं धुरकट दिसतात, म्हणून चष्म्याचं फडकं टेबलावरच ठेवलं.

२ जुलै, बुधवार

सोमवार, मंगळवार, आज, तीन दिवस झाले. सोमवारी तिसऱ्या ओळीवर दोनदा परत गेली. मंगळवारी ताईला लावला, थेट. आज साडेआठला मला, एका हाताने स्ट्रिप तिरकी करून एक्सपायरी दाखवली. मी वाचली आणि सोबत स्क्रीनशॉटही काढून ठेवला, म्हणजे परत विचारलं तर तिला परत धरायला नको. कुठली बाटली किती वेळा हे मात्र मी आठवणीने सांगत नाही, डॉक्टरांच्या कागदाचा फोटो माझ्याकडे आहे, त्यात बघूनच सांगते.

ठरवल्याप्रमाणे काम झालं.

६ जुलै, रविवार, आषाढी एकादशी

सकाळी दहाला आत्याचा कॉल, मी स्वयंपाकघरात होते. बाटली नाही, स्ट्रिप नाही. फिरकी लावली होती आधीच, मला दिसला तिचा देव्हारा, विठोबाला तुळशीचा हार, बाजूला वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. मग हळूहळू फोन घेऊन गॅलरीत गेली, कुंडीतला अनंत फुललेला दाखवला, अगदी एक वीत अंतरावरून, पाकळीवरचं पाणीसुद्धा दिसत होतं. म्हणाली "वाचलं का?" आणि मी वाचलं म्हणेपर्यंत तसंच धरून उभी होती.

मग कॉल न ठेवता फिरकी लावून चेहरा दाखवला. आठवी ओळ तिने कागद न बघता केली.

८ जुलै, मंगळवार

ताईने विचारलंय की तिच्या सासऱ्यांसाठी असाच कागद देशील का. त्यांच्या फोनवर भोंगा वेगळा दिसत नाही, फोनच्या एकाच चित्राखाली ऑडिओ आणि व्हिडिओ दोन्ही येतात, आणि फिरकी छोट्या चौकटीवर. हाच कागद पाठवून चालणार नाही. शनिवारी ताई त्यांना तिच्यासमोर कॉल लावायला सांगणार, ते त्या चित्रांना काय म्हणतात ते लिहून घेणार, मग मी चित्रं काढायला बसते.